घातलं ४०, सापडलं ७: डार्क चॉकलेटमध्ये शेंगदाण्याचं प्रोटीन कुठे गेलं?

आजचा भाग एका लॅब रिपोर्टबद्दल आहे. खरं तर त्या रिपोर्टमधल्या 'चर्चा' या भागाबद्दल. आकड्यांचे तक्ते सगळेच नीट भरतात, पण आकडे चमत्कारिक आले की ते तसे का आले हे चर्चेत लिहावं लागतं, आणि तिथे 'प्रायोगिक त्रुटी' असे दोन शब्द टाकून पुढे जायचा मोह होतो. या वेळी तसं करता येणार नव्हतं. का ते सांगते.

मी अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे चॉकलेट, बिस्किटं, मसाले असलं बरंच काही येतं आणि प्रश्न एकच असतो: यात शेंगदाण्याचा अंश आहे का? ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी हा प्रश्न चवीचा नाही. थोडंसं प्रोटीन पोटात गेलं तरी अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास अडकणं इथपर्यंत जाऊ शकतं. कारखान्यात एकाच यंत्रावर आधी शेंगदाण्याची चिक्की-बार आणि नंतर साधं डार्क चॉकलेट बनत असेल, तर यंत्र पुसूनही थोडा अंश मागे राहतो. तो अंश मोजायचा.

मोजायची पद्धत म्हणजे एलायझा. नाव ऐकलं असेल, बऱ्याच रक्ततपासण्याही तशाच होतात. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये छोटे छोटे खळगे असतात, त्यांना आम्ही वेल म्हणतो. वेलच्या तळाला अँटिबॉडी चिकटवलेली असते, जी फक्त शेंगदाण्याचं प्रोटीन ओळखते आणि धरून ठेवते. त्यावर दुसरी अँटिबॉडी येऊन बसते, तिला रंग तयार करणारं एन्झाइम जोडलेलं असतं. जितकं प्रोटीन तितका रंग. शेजारच्या वेलमध्ये माहीत असलेल्या प्रमाणाची प्रोटीनं असतात, त्यांच्या रंगाशी तुलना करून आकडा काढायचा.

आता कुठलीही पद्धत नव्या पदार्थावर वापरण्याआधी एक परीक्षा घेतात. ज्या चॉकलेटमध्ये शेंगदाणा मुळीच नाही असं चॉकलेट घ्यायचं, त्यात आपणच मोजून प्रोटीन घालायचं आणि मग पद्धतीला विचारायचं, 'सांग बघू किती आहे?' मुद्दाम घातलेल्या प्रोटीनला स्पाइक म्हणतात. जितकं परत सापडलं त्याची टक्केवारी म्हणजे रिकव्हरी. शंभर घातलं आणि नव्वद सापडलं तर रिकव्हरी ९० टक्के. अ‍ॅलर्जीच्या एलायझासाठी ८० ते १२० टक्के म्हणजे उत्तम. अवघड पदार्थांसाठी ५० ते १५० टक्केही चालवून घेतात, अट एवढीच की आकडा दर वेळी साधारण तोच यायला हवा.

आम्ही एक ग्रॅम डार्क चॉकलेट घेतलं. त्यात १० मायक्रोग्रॅम शेंगदाण्याचं प्रोटीन घातलं, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅम. वीस मिलिलिटर बफर ओतलं, ६० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं हलवत ठेवलं, सेंट्रीफ्यूज फिरवला, वरचं पाणी काढून प्लेटवर टाकलं. उत्तर आलं किलोमागे १.८ मिलिग्रॅम. तीन वेगळ्या ट्यूब होत्या, तिन्हींमध्ये जवळपास तेच. रिकव्हरी १८ टक्के.

आता यातली भीतीची गोष्ट लक्षात घ्या. आमच्या किटची खात्रीने मोजायची खालची हद्द किलोमागे २.५ मिलिग्रॅम आहे. १.८ त्याखाली येतो. म्हणजे हे चॉकलेट आमच्याकडे गिऱ्हाइकाकडून आलं असतं, तर छापील रिपोर्टवर आकडा आलाच नसता. 'मापन मर्यादेखाली' एवढंच आलं असतं, आणि ते वाचणाऱ्याला 'नाही' असंच वाटतं.

हद्दीखालच्या आकड्यावर फार विसंबता येत नाही, म्हणून पुढचे सगळे प्रयोग आम्ही किलोमागे ४० मिलिग्रॅम स्पाइक घालून केले. तिथेही सापडले ७.४. परत साडेअठरा टक्के. ही चाळिसाची पातळी मुद्दाम निवडलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने शेंगदाण्यासाठी सुचवलेला संदर्भ डोस २ मिलिग्रॅम प्रोटीन आहे. साध्या भाषेत, त्या डोसला अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोकांना दिसण्यासारखा त्रास होऊ शकतो. पन्नास ग्रॅमचा एक बार आणि किलोमागे ४० मिलिग्रॅम, याचा गुणाकार बरोबर २ मिलिग्रॅम होतो. आमच्या प्लेटच्या हिशेबाने त्याच बारमध्ये ०.३७ मिलिग्रॅम होतं. खरा बार उंबरठ्यावर उभा, कागदावरचा बार उंबरठ्यापासून लांब.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय युनिटवर गेला आणि तो योग्यच होता. शेंगदाण्यात साधारण २५ टक्के प्रोटीन असतं. काही किट आकडा 'शेंगदाणा' म्हणून देतात, काही 'शेंगदाण्याचं प्रोटीन' म्हणून. तुम्ही किलोमागे ४० मिलिग्रॅम कूट घातलं आणि किटने प्रोटीन मोजलं, तर सगळं अगदी बरोबर असूनही १० दिसणार, म्हणजे २५ टक्के. आमचे साडेअठरा त्याच्या इतके जवळ होते की आमच्या मॅडम म्हणाल्या, "आधी किटचं पत्रक काढा, मग बाकीचं बोला." पत्रक काढलं. किट प्रोटीन मोजत होतं आणि स्पाइकही प्रोटीनच्या हिशेबात बनवलेलं होतं. चारचा गुणक कुठेच नव्हता. हा संशय मिटला, पण रिकव्हरी २५ च्या आसपास किंवा सरळ ४०० च्या आसपास आली, तर तुम्हीही पहिल्यांदा हेच बघा. केमिस्ट्रीत डोकं घालण्याआधी दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा संशय: स्पाइकचं द्रावणच कमकुवत असेल, किंवा प्रोटीन प्लास्टिकच्या ट्यूबला चिकटून बसत असेल. कमी प्रमाणातली प्रोटीनं खरंच ट्यूबच्या भिंतीला चिकटतात. म्हणून आम्ही चॉकलेट वगळलं आणि तेच स्पाइक, त्याच ट्यूब, तेच बफर, तेच तापमान, तोच सेंट्रीफ्यूज असा पूर्ण प्रवास करवला. रिकव्हरी ९६ टक्के. यातून एकदम दोन-तीन गोष्टी सुटल्या. स्पाइक ठीक, किट ठीक, गणित ठीक. ट्यूबचंही तसंच. भिंतीला चिकटायचं असतं तर ते नुसत्या बफरमध्ये सगळ्यांत जास्त चिकटलं असतं, कारण तिथे भिंतीवरची जागा अडवायला दुसरं काहीच नव्हतं. म्हणजे दोषी जे काही आहे ते चॉकलेटमध्ये आहे.

चॉकलेटमध्ये आहे हे कळणं सोपं होतं. कुठल्या टप्प्यावर आहे हा खरा प्रश्न, आणि इथला प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण तो अगदी स्वस्त आहे. स्पाइक घालायची वेळ बदलायची, बस्स.

आधी आपण चॉकलेटमध्ये स्पाइक घालून मग बफर ओतत होतो. आता कोऱ्या चॉकलेटला बफरने धुऊन घ्यायचं, सेंट्रीफ्यूज करायचा, तळाचा गाळ टाकून द्यायचा आणि वरच्या तपकिरी पाण्यात स्पाइक घालायचं. रिकव्हरी आली ४१ टक्के. बघा काय झालं. गाळ नसतानाही निम्म्याहून जास्त प्रोटीन दिसत नाही, म्हणजे पाण्यात विरघळलेलं काहीतरी त्याला झाकतंय. पण गाळ असताना आकडा आणखी खाली, साडेअठरावर जातो. म्हणजे गाळही वेगळं काहीतरी गिळतोय. चोर दोन ठिकाणी आहे, किंवा एकच चोर दोन रूपांत आहे.

मग पाणी पातळ करून बघितलं. नंतर स्पाइक घातलेल्या पाण्यात आणखी बफर मिसळून ते दुप्पट पातळ केलं आणि हिशेबात दोनने गुणलं. ४१ चे ५२ झाले. चौपट पातळ केल्यावर ६३. आधीपासून स्पाइक असलेल्या नमुन्याचं पाणी दुप्पट पातळ केलं तर साडेअठराचे जेमतेम १९ झाले. त्याहून पातळ केलं असतं तर आकडा किटच्या हद्दीखाली गेला असता, म्हणून तिथेच थांबलो.

या दोन ओळींचा अर्थ नीट समजून घ्या, कारण रिपोर्टची अर्धी चर्चा यावर उभी आहे. पातळ केल्यावर आकडा वर चढतो, तेव्हा प्रोटीन तिथेच असतं पण काहीतरी त्याला सैल धरून ठेवतं. गर्दी कमी झाली की पकड सुटते आणि अँटिबॉडीला ते सापडतं. पातळ करूनही आकडा हलत नाही, तेव्हा प्रोटीन त्या पाण्यात नसतंच. ते आधीच गाळाबरोबर खाली गेलेलं असतं. नुसत्या 'रिकव्हरी कमी' या शब्दांत हे दोन अगदी वेगळे प्रकार लपलेले असतात आणि दोघांचे उपायही वेगळे आहेत.

गाळात गेलं म्हणतोय तर तो गाळ तपासायला हवा होता. तो तपासला, पण ते जरा पुढे सांगते. आधी चोर कोण ते बघू.

डार्क चॉकलेटमध्ये ढोबळमानाने तीन गोष्टी असतात: कोकोचं तूप म्हणजे कोको बटर, साखर आणि कोकोचा तपकिरी कोरडा भाग. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तो तपकिरी भाग नसतो. म्हणून आम्ही तेच स्पाइक पांढऱ्या चॉकलेटमध्ये घातलं. रिकव्हरी ९३. मिल्क चॉकलेटमध्ये ५७. डार्कमध्ये साडेअठरा. आमच्याकडचा एक ज्युनियर लगेच म्हणाला, "मॅडम, झालं की, कोकोच आहे." निष्कर्ष बरोबर होता, पण पुरावा लंगडा होता. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोको कमी असतो हे खरं, पण दूध जास्त असतं हेही तितकंच खरं. ९३ आलं ते कोको नाही म्हणून, की दूध आहे म्हणून? या तीन चॉकलेटांवरून ते सांगता येत नाही, दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यात. म्हणून कोको बटर आणि साखर एवढंच, दुधाशिवाय, घेऊन पुन्हा केलं. ९१ टक्के. आता तूप आणि साखर निर्दोष. मग नुसती कोको पावडर घेतली. ९ टक्के. आता 'कोकोच' म्हणायला हरकत नव्हती. ज्युनियरला दुसऱ्यांदा तेच वाक्य म्हणायची संधी मिळाली.

कोकोत असं काय आहे? याचं उत्तर तुमच्या जिभेला माहीत आहे. कच्चं केळं खाल्लं, जांभळं खाल्ली, सुपारी किंवा हिरडा चघळला की तोंड कसं कोरडं आणि खरखरीत होतं? आपण त्याला तुरट म्हणतो. तुरट ही गोड-आंबटासारखी साधी चव नाही. आपल्या लाळेत काही प्रोटीनं असतात जी तोंड बुळबुळीत ठेवतात. त्या फळांतली टॅनिन नावाची रसायनं त्या प्रोटीनांना पकडून त्यांचे गठ्ठे करतात. लाळेचा वंगणपणा जातो आणि जीभ टाळूला घासायला लागते. टॅनिन हा पॉलिफिनॉल नावाच्या मोठ्या कुटुंबाचा एक भाग. कोकोत हे कुटुंब भरपूर असतं, डार्क चॉकलेटचा तो कडवट-तुरटपणा बराचसा त्यांचाच. बाभळीच्या सालीत कातडं कमावतात तेही हेच: कातड्यातलं प्रोटीन टॅनिनने घट्ट बांधून टाकायचं, म्हणजे ते कुजत नाही.

तर आमच्या ट्यूबमध्ये शेंगदाण्याचं प्रोटीन कमावलं जात होतं म्हणा ना. प्रमाण बघा. ट्यूबमध्ये प्रोटीन ४० मायक्रोग्रॅम आणि त्याच एक ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये पॉलिफिनॉल मिलिग्रॅममध्ये, म्हणजे प्रोटीनच्या कैक पट. बफर ओतलं की तूप वितळतं, पॉलिफिनॉल सुटतात आणि प्रोटीनच्या रेणूला चहूकडून चिकटतात. थोडे चिकटले तर प्रोटीन पाण्यात तरंगत राहतं, पण अँटिबॉडी जिथे धरते ती जागाच झाकली जाते. ही ती सैल पकड, जी पातळ केल्यावर सुटत होती. जास्त चिकटले तर एका प्रोटीनला दुसरं बांधलं जातं, गठ्ठा जड होतो आणि सेंट्रीफ्यूजमध्ये तळाला जाऊन बसतो. शिवाय कोकोच्या न विरघळणाऱ्या कणांवरही पॉलिफिनॉल असतात, तिथेही प्रोटीन अडकतं. चोर एकच, रूपं दोन.

हे सगळं पटण्यासारखं असलं तरी पटणं म्हणजे पुरावा नाही. म्हणून चॉकलेट पूर्ण बाजूला ठेवलं आणि बफरमध्ये कडक कोरा चहा मिसळला. चहात कोको नाही, पण त्याच कुटुंबातले पॉलिफिनॉल आहेत. तेच स्पाइक, तेच किट. ९६ टक्क्यांची रिकव्हरी ३० वर आली. पॅन्ट्रीतल्या चहाने लॅबमध्ये केलेलं हे सर्वांत उपयोगी काम असावं.

चहावरूनच उपायही सुचतो. चहात दूध घातलं की तुरटपणा का मरतो? दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन चहातल्या टॅनिनना धरून ठेवतं, मग ते आपल्या लाळेच्या वाटेला जात नाहीत. मिल्क चॉकलेटची रिकव्हरी ५७ आणि डार्कची साडेअठरा, यातला काही फरक कोको कमी असल्याचा आणि काही या दुधाचा. म्हणजे पॉलिफिनॉलना पकडायला दुसरं एखादं प्रोटीन भरपूर दिलं, तर शेंगदाण्याचं प्रोटीन सुटेल. ही युक्ती आमची नाही. चॉकलेटमधली अ‍ॅलर्जी तपासणारे लोक ती बऱ्याच वर्षांपासून वापरतात आणि बफरमध्ये साय काढलेल्या दुधाची पावडर किंवा माशाचं जिलेटिन घालतात.

दुधाची पावडर स्वस्त आणि सोपी. पण आमच्याकडे त्याच नमुन्यातून दुधाचा अंशही मोजायचा असतो, आणि आपणच दूध ओतून मग दूध आहे का हे शोधणं म्हणजे विनोद. म्हणून जिलेटिन घेतलं. जिलेटिनमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि पॉलिफिनॉलना ते फार आवडतं. लाळेतली ती प्रोटीनंही प्रोलीननेच भरलेली असतात. माशाचंच का, तर थंड पाण्यातल्या माशाचं जिलेटिन सहज गोठत नाही. गाई-डुकराच्या जिलेटिनचं दहा टक्के द्रावण फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेली मिळते आणि पिपेट आत शिरत नाही. एक अडचण मात्र आहे. मासा हासुद्धा अ‍ॅलर्जीच्या यादीतला पदार्थ आहे. ज्या नमुन्यात मासा तपासायचा असेल त्याच्या जवळही ही बाटली नेता येत नाही. आम्ही तिच्यावर लाल पट्टी लावली आहे.

दहा टक्के माशाचं जिलेटिन असलेलं बफर, बाकी सगळं पहिल्यासारखं. ४० घातले, ३४ सापडले. ८५ टक्के.

आनंद झाला, पण लगेच एक शंका घ्यावी लागते: जिलेटिनच तर खोटा रंग देत नाही ना? कोरं चॉकलेट आणि जिलेटिन, स्पाइक नाही, असं करून पाहिलं. काहीच दिसलं नाही. नुसतं बफर, जिलेटिन आणि स्पाइक: ९५ टक्के. म्हणजे वाढलेला आकडा खरा आहे.

आता तो राहिलेला गाळ. जुन्या पद्धतीने, जिलेटिनशिवाय केलेल्या नमुन्याचा गाळ आम्ही ठेवला होता. त्यावर जिलेटिनवालं बफर ओतून पुन्हा पंधरा मिनिटं हलवलं. घातलेल्या प्रोटीनपैकी आणखी ३१ टक्के बाहेर आलं. पहिल्या पाण्यातले साडेअठरा आणि हे ३१, बेरीज पन्नासच्या आसपास. प्रोटीन नष्ट झालं नव्हतं, तळाशी बसलं होतं, याचा हा थेट पुरावा. पण पूर्ण ८५ परत आले नाहीत. एकदा गठ्ठा बांधला गेला की काही भाग सुटतच नाही. तेच दुसऱ्या बाजूने बघायला आम्ही जिलेटिन पंधरा मिनिटं उशिरा घातलं: ४९ टक्के. म्हणून आमच्या कामाच्या पद्धतीत आता एक ओळ ठळक आहे: जिलेटिन बफरमध्ये आधीच मिसळलेलं असावं, नंतर वरून घालू नये. ही क्रमाची गोष्ट आहे. प्रोटीनची आणि पॉलिफिनॉलची गाठ पडण्याआधी मधे कुणीतरी उभं राहायला हवं.

इथे एक सोपा वाटणारा दुसरा मार्ग होता आणि तो कुणीतरी सुचवतंच. रिकव्हरी साडेअठरा टक्के आहे हे कळलंय ना, मग आलेल्या आकड्याला ०.१८५ ने भागा की खरा आकडा मिळेल. जिलेटिनचा खर्च वाचेल. आम्ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांची डार्क चॉकलेटं जुन्या पद्धतीने करून पाहिली. रिकव्हरी ११, १८ आणि २६ आली. कोको किती टक्के आहे, बिया किती भाजल्या, किती आंबवल्या यावर पॉलिफिनॉल बदलतात, त्यामुळे प्रत्येक चॉकलेटचा भागाकार वेगळा. २६ वाल्याला साडेअठराने भागलं तर उत्तर फुगेल, ११ वाल्याला भागलं तर ते अजूनही कमीच राहील, आणि गिऱ्हाइकाचा नमुना कुठल्या प्रकारातला आहे हे आपल्याला माहीत नसतं. शिवाय प्लेटवरचा आकडा हद्दीखाली असेल तर भागायला हातात काही नसतंच. जिलेटिनसह तीच तीन चॉकलेटं ८१, ८५ आणि ८८ आली. मला ८५ या आकड्यापेक्षा या तिघांचं एकमेकांजवळ येणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता रिपोर्टच्या चर्चेतला शेवटचा मुद्दा, जो लिहिताना आमच्यात थोडा वाद झाला. ८५ टक्के आलं, पद्धत पास, असं लिहून सही करता आली असती. पण स्पाइक म्हणजे काय होतं? पाण्यात विरघळवलेलं, स्वच्छ, न भाजलेलं प्रोटीन, चॉकलेटवर वरून टाकलेलं. कारखान्यातून येणारा शेंगदाणा तसा येतो का? तो भाजलेला असतो. भाजल्यावर त्याची प्रोटीनं एकमेकांत आणि साखरेत गुंततात आणि पाण्यात कमी विरघळतात. शिवाय तो कुटाच्या बारीक कणांच्या रूपात वितळलेल्या चॉकलेटमध्ये तासन्तास घोटला जातो, प्रत्येक कणाभोवती तुपाचा थर बसतो. स्पाइक म्हणजे चॉकलेटच्या दारात आलेला पाहुणा. हा शेंगदाणा घरातच मुरलेला.

म्हणून आम्ही चॉकलेट वितळवलं, भाजलेल्या शेंगदाण्याचं तूपतेल काढलेलं कूट मोजून त्यात मिसळलं, नीट घोटलं, गोठवलं आणि मग तपासलं. प्रोटीनच्या हिशेबात तेच किलोमागे ४० मिलिग्रॅम. जिलेटिनसह सापडले २१, म्हणजे ५३ टक्के. जिलेटिनशिवाय ४, म्हणजे १० टक्के. ५३ टक्के हे ५० च्या खालच्या कुंपणाला अगदी टेकून आहे. जिलेटिनने पॉलिफिनॉलचा प्रश्न सोडवला, भाजण्याचा सोडवला नाही. न विरघळणाऱ्या प्रोटीनला अँटिबॉडी शोधू शकत नाही, आणि ते विरघळवायला कडक डिटर्जंट वापरलं तर अँटिबॉडीच खराब होते.

वाद असा होता की रिपोर्टवर कुठली रिकव्हरी छापायची, ८५ की ५३? ८५ दिसायला चांगली, आणि खोटीही नाही. शेवटी दोन्ही छापायच्या ठरल्या, कुठली कशी काढली या एका ओळीसह. मोजलेला आकडा आम्ही भागाकाराने दुरुस्त करत नाही, जसा आला तसा देतो. त्याच्याखाली लिहितो की भाजलेला शेंगदाणा मुरवलेल्या डार्क चॉकलेटमध्ये या पद्धतीला साधारण निम्मंच प्रोटीन दिसतं. आणि आकडा हद्दीखाली असेल तिथे 'आढळला नाही' हे शब्द काढून टाकले. आता तिथे 'किलोमागे २.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी मोजला गेला' असं असतं. एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "म्हणजे आहे की नाही?" त्यांना मॅडमनी जवळपास हा अख्खा भाग फोनवर ऐकवला.

सध्या आम्ही कूट कमी आणि जास्त भाजून दोन बॅचेस केल्यात, ५३ चा आकडा भाजण्याबरोबर किती घसरतो ते बघायला. त्यांची प्लेट पुढच्या आठवड्यात लागेल.